‘दोन तासांत येईल’ असं सांगत मी ६१ तास काढले

प्रति,
यावल आणि रावेर तालुक्यांतले आमचे सर्व ग्राहक

सप्रेम नमस्कार.

त्या शुक्रवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी तुमच्या घरातल्या डबीवर लाल लाईट लागली. शेवटच्या गावातलं नेट सुरू झालं ते सोमवारी दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी. मधले ६१ तास १० मिनिटं सेवा बंद होती आणि त्याला जबाबदार मी आहे. रस्त्याचा ठेकेदार नाही, जेसीबीवाला नाही आणि खांबावर चढणारी आमची पोरं तर नाहीतच. मी तुम्हा सगळ्यांची माफी मागतो.

सावद्याच्या मंगल कार्यालयातल्या सभेत मी हे तोंडी बोललो, तेव्हा तीनशेच्या आसपास लोक होते. बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला चाळीस सेकंदांचा तुकडाच मिळाला. त्यात मी कपाळाचा घाम पुसतो आणि ‘चूक माझी आहे’ म्हणतो, एवढंच दिसतं. कोणती चूक, ते त्यात येत नाही. म्हणून सगळं लिहून काढतोय. सभेत राहून गेलेलं एक-दोन गोष्टींचं बोलणंही यात आहे.

आधी एक कबुली. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातल्या पोरांनी माझ्या नावाने निवेदन तयार करून ठेवलं होतं. ‘तांत्रिक कारणास्तव सेवा खंडित झाली. ग्राहकांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ वीस वर्षं, केबल टीव्हीच्या दिवसांपासून, आम्ही हेच वाक्य चिकटवत आलोय. या वेळी ते वाचलं आणि लक्षात आलं, यात काही करणारा माणूसच नाही. सेवा आपोआप खंडित झाली, गैरसोय आपोआप झाली, आणि आम्ही आपले बाजूला उभे राहून हळहळतोय. मराठीत ‘तार तुटली’ म्हणायची सोय फार चांगली आहे, कुणी तुटू दिली ते सांगावंच लागत नाही. ते निवेदन मी फाडलं. पण शनिवारी सकाळी ग्रुपवर टाकलेला त्याहून वाईट मेसेज तोवर सगळीकडे गेला होता. ‘रस्ता ठेकेदाराच्या निष्काळजीपणामुळे आपली केबल तुटली आहे.’ तो मेसेज मी स्वतः टाईप केला होता. तो मी आज मागे घेतो. का, ते खाली येईल.

आपलं नेट कसं येतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुख्य लाईन जळगावहून भुसावळला येते, भुसावळहून तापी ओलांडून फैजपूरच्या आमच्या केंद्रात, आणि तिथून पुढे सावदा, रावेर आणि बाकीच्या गावांत. एकच तार असली तर ती तुटली की सगळं बसणार. म्हणून दोन तारा ठेवायच्या असतात, दोन वेगळ्या वाटांनी. याला आमच्यात रिंग म्हणतात. एका बाजूने तुटलं तर नेट उलट्या बाजूने फिरून येतं आणि तुम्हाला काही कळतही नाही. आमचीही रिंग होती. एक तार भुसावळहून सरळ फैजपूरला, दुसरी भुसावळहून यावलला आणि यावलहून फैजपूरला. ऑफिसच्या भिंतीवर त्याचा नकाशा आहे, एक रेघ निळी आणि एक लाल, छान हातभर अंतर ठेवून काढलेल्या. तुमच्यापैकी ज्यांनी मोठं कनेक्शन घेताना ‘लाईन गेली तर काय?’ असं विचारलं, त्यांना मी खुर्चीवरून उठून तोच नकाशा दाखवलाय.

आता भुसावळहून यावलला जा किंवा फैजपूरला जा, तापी एकाच पुलावरून ओलांडावी लागते हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. रस्ता फुटतो तो नदी पार केल्यावर. आमच्या तारांचंही तेच होतं. पुलावर आणि पुलाच्या पुढे फाट्यापर्यंत निळी आणि लाल, दोन्ही तारा एकाच चारीत शेजारी शेजारी झोपलेल्या होत्या. म्हणजे रिंग नकाशावर होती, जमिनीत नव्हती. जिथे दोन्ही एकत्र होत्या तिथेच जेसीबीचं बकेट बसलं आणि दोन्ही एका ओढीत गेल्या.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणून सुटता आलं असतं. पण मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी आमच्या लाईनवरच्या सगळ्यात जुन्या माणसाने मला तिथे नेऊन दाखवलं होतं. “साहेब, दोन्ही एकाच ठिकानी हायेत, एका दिवशी दोन्ही जाईन,” हे त्याचे शब्द. दुसरी वाट कोणती हेही त्यानेच सांगितलं होतं. जळगावहून चोपड्याच्या रस्त्याने विदगावच्या पुलावर तापी ओलांडायची आणि किनगावकडून यावलला यायचं. तार जास्त लागते, खोदाईची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे भरावे लागतात. त्या वर्षी मी ते पैसे नवीन गावं जोडायला वापरले. नवीन गाव जोडलं की पुढच्या महिन्यापासून बिल सुरू होतं. दुसऱ्या वाटेचं बिल कुणी भरत नाही. पुढच्या वर्षीही मी हाच विचार केला आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. या ६१ तासांचा सगळ्यात मोठा तुकडा त्या तीन वर्षांत मी माझ्या टेबलावर तयार केला.

आता जेसीबीवाल्याबद्दल.

पुलाच्या पुढे रस्त्याचं काम रात्री चालू होतं. तो पोरगा चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल. सोमवारी संध्याकाळी मी त्याला भेटायला गेलो, कारण ग्रुपवर लोकांनी त्याला काय काय बोलून घेतलं होतं ते मी वाचलं होतं आणि सुरुवात माझ्याच मेसेजने झाली होती. त्याने मला ती जागा दाखवली. सरकारी जाळ्यांच्या कामात तार १६५ सेंटिमीटर खोल गाडायचा दंडक आहे. तिथे आमचा पाईप दीड फुटावर होता. पुलाजवळ खाली दगडाची भर आहे, खोदणारा कंटाळला आणि आम्ही ‘चालेल’ म्हटलं. वर पिवळी इशारा-पट्टी टाकायची असते, म्हणजे बकेटला आधी पट्टी लागते आणि ऑपरेटर थांबतो. तिथे पट्टी नव्हती.

तरी तो थांबला होता. ते ऐकून मी गप्पच झालो. बकेटमध्ये काळी तार लोंबताना दिसल्यावर त्याने मशिन बंद केलं, मोबाईलच्या उजेडात आजूबाजूला शोधलं आणि त्याला आमचा सिमेंटचा खुंट सापडला. त्यावर ‘खाली केबल आहे, खोदण्यापूर्वी फोन करा’ असं लिहून खाली नंबर दिलेला असतो. त्याने तीनदा फोन लावला. तो नंबर आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केलाय. नवीन हेल्पलाईन घेतली तेव्हा बिलावरचा नंबर बदलला, गाडीवरचा बदलला, खुंटांवरचा राहिला. त्याने मोबाईलवर ठेवलेली यादी मला दाखवली: ११.५२, ११.५३, १२.०४. पलीकडून कुणी उचललं नाही. मग तो तरी काय करणार? मुरूम लोटला आणि पुढे गेला.

रस्त्याच्या मुकादमाने मला आणखी एक गोष्ट ऐकवली आणि ती बरोबर होती. खोदणाऱ्याने आधी कळवावं यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅप सुरू केलंय. खोदणारा जागा टाकतो आणि तिथे ज्यांच्या तारा, पाईप नोंदलेले असतात त्यांना सूचना जाते. पण त्यासाठी आधी आपली वाट तिथे नोंदवावी लागते. आमची नोंदवलेली नव्हती. ‘करू या’ म्हणून ते काम माझ्याकडेच पडून होतं. म्हणजे त्यांनी कळवलं असतं तरी आम्हाला कळलं नसतं. म्हणून तो मेसेज मागे घेतला. त्या पोराची माफी मी त्याच्या समोर मागितली, आणि इथे पुन्हा मागतो, कारण बदनामी सगळ्यांसमोर झाली होती.

तार तुटणं ही एक गोष्ट, आणि ती जोडायला ६१ तास लागणं ही दुसरी. तुटलेली तार जोडायला माणसं तयार असतील, सामान असेल आणि जागा नेमकी कळली असेल तर सात-आठ तास पुरतात. आमचे बाकीचे तास कुठे गेले तेही तुम्हाला सांगायला हवं.

तार कुठे तुटली ते शोधायला ओटीडीआर नावाचं यंत्र असतं. ते काचेच्या तंतूत उजेडाचे ठोके सोडतं, उजेड परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि अंतर सांगतं. भुसावळच्या टोकाहून मोजलं तेव्हा आकडा आला ४ किलोमीटर ३६० मीटर. पोरांनी बाईकच्या मीटरवर तेवढं अंतर मोजलं आणि रात्री दीड वाजता खोदायला घेतलं. पहाटे पाचपर्यंत खोदलं, तार अख्खी निघाली. कारण यंत्र तारेची लांबी सांगतं, रस्त्याची नाही. पुढेमागे दुरुस्तीला लागेल म्हणून जमिनीतल्या प्रत्येक चेंबरमध्ये तारेची वीसेक मीटरची गुंडाळी ठेवलेली असते. त्या टप्प्यात अशा १२ गुंडाळ्या होत्या. वीस गुणिले बारा म्हणजे २४० मीटर. तुटलेली जागा आम्ही खोदत होतो तिथून २४० मीटर मागे होती, ताज्या मुरुमाखाली. कोणत्या चेंबरमध्ये किती तार गुंडाळलीय याचं एक साधं रजिस्टर ठेवायचं असतं. ते आमच्याकडे नव्हतं. ज्यांना तोंडपाठ होतं ते काका, हो, मला पुलापाशी नेऊन दाखवणारे तेच, मागच्या वर्षी निवृत्त झाले.

जागा सापडली शनिवारी सकाळी साडेनऊला. तुटलेल्या भागात नवीन तुकडा घालावा लागतो, त्याला तार लागते. गोदामात ड्रम उभा होता, पण रिकामा. त्यातली तार मी पंधरा दिवसांपूर्वी एका नवीन गावासाठी काढायला सांगितली होती. जळगावहून तार येईपर्यंत चार वाजले.

मग जोडणी. केसाएवढा काचेचा तंतू सोलायचा, पुसायचा, सरळ कापायचा, मशिनमध्ये समोरासमोर धरून ठिणगीने वितळवायचा आणि वर नळी चढवून शेकायची. एका जोडाला तीन-चार मिनिटं लागतात, पण धुळीचा एक कण पडला की पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यावरून डंपर जात होते. दोन पोरांनी बेडशीटचा आडोसा धरला होता आणि आत तिसरा, डोक्याला बॅटरी बांधून, मांडीवर मशिन घेऊन बसला होता. ज्या तंतूंवर सगळं चालतं ते आधी जोडायचे, बाकीचे नंतर. रात्री आठला ते जोडून झाले. मशिनच्या पडद्यावर तोटा ०.०२ डेसिबल दिसत होता, म्हणजे उत्तम जोड. मी लगेच ग्रुपवर टाकलं, ‘अर्ध्या तासात सुरू होत आहे.’

सुरू झालं नाही. फैजपूरला उजेड पोचलाच नाही.

जेसीबीने तार नुसती तोडली नव्हती, ओढली होती. ओढ बसली की तार दोन ठिकाणी जाते: बकेटपाशी, आणि पुढे जिथे ती जॉइंटच्या डब्यात घट्ट बांधलेली असते तिथे. वरून डबा धडधाकट दिसतो, आत तंतू तुटलेले. ही दुसरी तुटलेली जागा ३८० मीटर पुढे होती. भुसावळहून मोजताना ती दिसणारच नव्हती, कारण उजेड पहिल्या तुटीपलीकडे जातच नाही. फैजपूरच्या टोकाहून एकदा मोजलं असतं तर शनिवारी सकाळीच कळलं असतं की तिकडून येणारं अंतर आणि इकडून येणारं अंतर यांची बेरीज जुळत नाही, मधे काहीतरी अजून आहे. एक माणूस, एक बाईक आणि यंत्र, तासाभराचं काम. दोन्ही टोकांहून मोजावं हे या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. यंत्र आमच्याकडे एकच होतं आणि ते इकडे अडकलं होतं. दुसरं घ्यायची फाईल माझ्या टेबलावर होती. माझ्या टेबलाबद्दल तुम्हाला एव्हाना कल्पना आली असेल.

तो डबा रस्त्याच्या भरावाखाली गाडला गेला होता. रविवार त्यात गेला. रात्री ११ ला उजेड आला, डब्या हिरव्या झाल्या, तरी हजारो घरांत नेट नाही. सगळ्या घरांतले राऊटर एकाच वेळी लॉगिन मागायला लागले आणि आमचा सर्व्हर त्या गर्दीत गुदमरला. दर काही सेकंदांनी प्रत्येक राऊटर पुन्हा विचारणार, म्हणजे गर्दी कमीच होत नाही. एकेक गाव बंद ठेवून क्रमाने सोडायचं, हे आम्हाला सोमवारी सकाळी सुचलं. आधी ठरवून ठेवलेलं असतं तर हे अर्ध्या रात्रीत उरकलं असतं.

हे झालं तारेचं. पण सभेत मला खाली बघायला लावलं ते तारेने नाही.

चिनावलच्या एक मावशी उठल्या. माईक घेतला नाही. म्हणाल्या, “भाऊ, नेट गेलं त्याचं काही नाही. लाईट जाते, पानी जातं, नेट बी जाईन. पन तुमी दोन तास दोन तास करत राह्यले ना, म्हनून मी पोराले घरी बसवून ठेवलं. नाहीतर तो सकायीच भुसावयले गेला असता.” त्यांच्या मुलाला एका परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. शेवटची तारीख शनिवार. मोबाईलवर प्रयत्न केला, पण त्या दिवशी सगळं गाव मोबाईलच्या नेटवर होतं, पैसे भरायच्या पानावर चाक फिरत राहिलं. दर दोन तासांनी त्या आमचा मेसेज बघत होत्या. शनिवारी मी ‘दोन तासांत’ हे शब्द सहा वेळा टाकले. नंतर मोजले.

त्यातल्या एकाही वेळी मला माहीत नव्हतं की दोन तासांत येईल. पहिल्या वेळी तर तार कुठे तुटली हेही माहीत नव्हतं. मग का टाकलं? कारण ‘माहीत नाही’ लिहिलं की फोन वाढतात आणि ‘दोन तास’ लिहिलं की थोडा वेळ शांतता मिळते. ती शांतता मी तुमच्या वेळातून घेत होतो. फैजपूरच्या एका व्यापाऱ्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकायला लावलेली होती. तापमान तो घरून मोबाईलवर बघतो, अंश-दोन अंश वाढलं तरी घड मऊ पडायला लागतो. पहिल्या रात्रीच ‘उद्या दुपारपर्यंत तरी येणार नाही’ असं सांगितलं असतं, तर त्याने माणूस बसवला असता. तो दर दोन तासांनी उठत राहिला आणि शेवटी शनिवारी रात्री स्वतः चेंबरच्या दारात खाट टाकून झोपला. ई-सेवा केंद्रवाल्यांनी लोकांना ‘थांबा, येतंय’ म्हणून रांगेत बसवून ठेवलं. त्या लोकांची त्या दिवसाची मजुरी गेली. माझ्या शब्दावर.

त्यात हेल्पलाईन बंद. आमची हेल्पलाईन आमच्याच इंटरनेटवरून चालते, म्हणजे इंटरनेट गेलं की ती पण गेली. जुलै २०२२ मध्ये कॅनडात रॉजर्स या मोठ्या कंपनीचं सगळं जाळं बसलं होतं. कंपनीची माणसंही त्याच जाळ्यावरचे फोन वापरत होती, म्हणून दुरुस्तीच्या वेळी त्यांना एकमेकांशीच बोलता येईना. ती बातमी मी ऑफिसात वाचून दाखवली होती, आणि आम्ही हसलो होतो.

आता पैशांचं.

६१ तासांचे हिशेबाने किती होतात ते काढून बघितलं. ४९९ चा प्लॅन असेल तर महिन्याचे ७२० तास, त्यातले ६१, म्हणजे ४२ रुपये आणि वर काही पैसे. तेवढे परत करून ‘भरपाई दिली’ म्हणायला जीभ वळत नाही. नियमाकडे बोट दाखवायची वाटही आहे. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या २०२४ च्या नियमांत घरच्या लाईनसाठी भरपाईची गोष्ट येते ती बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर. आमचे ६१ तास ७२ च्या आत बसतात. वकिलाने मला हे सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी खूश होईन.

प्रत्येक ग्राहकाला १५ दिवसांचं बिल माफ. ई-सेवा केंद्रं, बँकेची ग्राहक सेवा केंद्रं आणि व्यापारी कनेक्शनला पूर्ण महिना. अर्ज करायचा नाही, फोन करायचा नाही, पुढच्या बिलात वजा होऊन येईल. ज्यांनी वर्षाचे पैसे आधी भरलेत त्यांची मुदत तेवढी पुढे सरकेल. ज्यांना कनेक्शन सोडायचंय त्यांची अनामत सात दिवसांत मिळेल आणि त्यांना ‘का सोडता’ म्हणून फोन जाणार नाही. ‘सहा महिने दुप्पट स्पीड फुकट’ असं काहीतरी द्या, असा सल्ला मला मिळाला होता. ज्याचं नेट अडीच दिवस बंद होतं त्याला दुप्पट स्पीडचं काय कौतुक?

त्या मुलाचा फॉर्म मी परत आणू शकत नाही. त्याची भरपाई ४२ रुपयांत बसत नाही, १५ दिवसांतही बसत नाही. मावशींना मी तसंच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

‘पुन्हा असं होणार नाही’ असं मी लिहिणार नाही. जमिनीतली तार आहे, रस्त्यांची कामं चालू आहेत, ती तुटणार. दोन्ही एकदम जाऊ नयेत एवढं माझ्या हातात आहे. विदगाव-किनगावच्या वाटेसाठी परवानगीचा अर्ज दिलाय. ती कधी मिळेल ते मला सांगता येणार नाही, पावसाळ्यात खोदाई थांबते हेही तुम्हाला माहीत आहे. तोपर्यंत दुसऱ्या एका कंपनीच्या तारेवर थोडी जागा भाड्याने घेतलीय. ती तापी वेगळ्या ठिकाणी ओलांडते. ती तार नकाशावर बघून घेतलेली नाही, मी स्वतः गाडीने त्या वाटेने जाऊन प्रत्येक चेंबर उघडून बघितलाय. पण ती जागा आपल्या रोजच्या वापराच्या पाचव्या हिश्शाएवढीच आहे. म्हणजे मुख्य लाईन गेली तर फॉर्म भरता येतील, पैसे पाठवता येतील, फोन होतील. क्रिकेट दिसणार नाही, अडखळेल. तेव्हा मला शिव्या द्या, पण हे आत्ता सांगून ठेवलंय.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे ३ वाजता आम्ही मुख्य लाईन मुद्दाम काढणार आणि बघणार की नेट खरंच दुसऱ्या वाटेने फिरतं का. दहा-पंधरा मिनिटं अडखळेल. भिंतीवरचा नकाशा उतरवला. ज्या दिवशी जमिनीत रिंग होईल त्या दिवशी परत लावू.

आणि मेसेजचं. इथून पुढे बिघाड झाला की ग्रुपवर तीनच गोष्टी येतील: काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि पुढचा मेसेज किती वाजता येईल. वेळ सांगितली तर ती कशावरून सांगितली तेही लिहू. जागा सापडलेली नसेल तर वेळ सांगणारच नाही. तेव्हा ‘माहीत नाही’ वाचलंत तर चिडा, पण भुसावळला जायचं असेल तर निघा.

हेल्पलाईनसाठी दोन साधे मोबाईल घेतलेत, दोन वेगळ्या कंपन्यांचे. आपलं नेट असो नसो, ते चालतील. नंबर या महिन्याच्या बिलावर छापलेत.

पुढच्या बुधवारी सकाळी दहापासून मी फैजपूरच्या ऑफिसात, बाहेरच्या खोलीत बसतो. कुणाचं काही नुकसान झालं असेल आणि ते वर लिहिलेल्यात बसत नसेल तर या. सगळ्याला हो म्हणेन असं नाही, पण ऐकेन मी स्वतः आणि उत्तर तिथेच देईन, लिहून.

आपला,
तुमच्या गावात ज्याला ‘नेटवाला भाऊ’ म्हणतात तो

ता. क. पुलापासून फाट्यापर्यंतच्या सगळ्या खुंटांवरचा नंबर रंगवून बदललाय. नवीन नंबरवर पहिला फोन त्याच जेसीबीवाल्या पोराचा आला, चालू आहे का बघायला म्हणून. दुसऱ्या रिंगला उचलला.